एकसष्ट नंबरचा विद्यार्थी

सुरतेतल्या उधन्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे पंडित बोरसे सर दर वर्षी एकदा स्वतःच काढलेल्या पेपरला स्वतःच बसायचे. चोरून, आणि डाव्या हातानं.

त्याचं असं होतं. अंतर्गत परीक्षेचा पेपर ज्यानं काढला त्यानं तो तपासायचा नाही, दुसऱ्यानं तपासायचा, असा त्यांच्या विभागाचा नियम होता. विभाग दोन माणसांचा. त्यामुळे सरांनी काढलेला पेपर जानीसाहेब तपासत आणि जानीसाहेबांनी काढलेला सर. एका वर्षी सरांना शंका आली की जानीसाहेब उत्तरं वाचत नाहीत, वितीनं मोजतात. शंका तपासून पाहायची म्हणून त्यांनी घरी बसून एका प्रश्नाचं उत्तर लिहिलं, वर खोटा रोल नंबर टाकला आणि ती उत्तरपत्रिका गुपचूप गठ्ठ्यात सरकवून दिली. मधल्या पानावर त्यांनी लोचो हा सुरती नाश्ता कसा करतात ते सविस्तर लिहिलं होतं. हरभऱ्याची डाळ किती तास भिजवायची, वरून तेल कधी सोडायचं, सगळं. जानीसाहेबांनी चौदापैकी अकरा दिले.

दुसऱ्या कुणी हे एकदा करून सोडून दिलं असतं. सरांना त्याची चटक लागली. वर्गात मुलं साठ असली की हा एकसष्ट. गुणांच्या तक्त्यात त्याचं नाव नसे, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नसे. निकाल लागला की सर गठ्ठा बघायला मागत, एकसष्ट नंबरची उत्तरपत्रिका हळूच काढून पिशवीत टाकत आणि घरी बायकोला गुण सांगत. बायको, रंजनाबाई, महापालिकेच्या मराठी शाळेत चौथीला शिकवायच्या. दिवसभर लहान मुलांत काढून त्या घरी यायच्या आणि घरातही एक असायचाच.

"तुमले काही कामधंदा नही का?" असं त्या विचारायच्या. घरात दोघं अहिराणी बोलत. सरांचे वडील अमळनेरकडून उधन्याच्या मिलमध्ये आले, रंजनाबाईंचं माहेर नंदुरबारजवळ. नवागामच्या घरात गुजराती टीव्ही चालायचा, पण भांडण आणि लाड अहिराणीतच व्हायचे.

मग जानीसाहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी शीतल सोनवणे आली.

शीतल ही सरांचीच विद्यार्थिनी. वर्गात पहिल्या बाकावर बसून "सर, पण का?" असं विचारणारी. एम.ए. झाली, पुढची परीक्षाही पास झाली आणि आपल्याच कॉलेजात शिकवायला आली. सरांना कोण आनंद झाला. पर्वत पाटिया भागातल्या एका दुकानातून पेढे आणून त्यांनी स्टाफरूममध्ये वाटले. "आपली पोरगी आहे," असं ते ज्याला त्याला सांगत सुटले. आणि त्याच आठवड्यात, पेपर काढताना, त्यांच्या मनात आलं की आता एकसष्ट नंबरला खरा परीक्षक मिळाला.

विषय होता आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र, बी.ए.चं शेवटचं वर्ष. सरांनी स्वतःच्या आवडीचा प्रश्न काढला: भिन्न आघात सोसणाऱ्या देशांनी एकच चलन वापरण्याचे खर्च आणि फायदे यांची चर्चा करा. गुण चौदा. हा प्रश्न ते इतकी वर्षं शिकवत होते की झोपेतही शिकवू शकले असते. खरं तर काही मुलांच्या मते शिकवायचेही तसेच. प्रश्नपत्रिका हातानं गुजरातीत लिहून त्यांनी ऑफिसातल्या ललितकडे टाइप करायला दिली आणि त्याच दिवशी घरी बसून उत्तरही लिहून टाकलं.

उत्तर काय झालं होतं! आधी खर्च. देशाकडे स्वतःचं चलन असेल तर मंदीत तो व्याजदर उतरवू शकतो, चलनाचा भाव खाली येऊ देऊ शकतो, म्हणजे त्याचा माल परदेशात स्वस्त होतो आणि खप वाढतो. चलन सगळ्यांचं एक झालं की हे दोन्ही दोर हातातून जातात. मग फायदे. चलन बदलायची दलाली वाचते. आणि मग सरांची लेखणी, डाव्या हातात असूनही, भरधाव सुटली. एका प्रदेशात काम नसेल तर माणसं दुसऱ्या प्रदेशात जातात, हा फायदा. केंद्र सरकार अडलेल्या प्रदेशाला पैसा पाठवतं, हा फायदा. इथं त्यांनी खानदेश आणि सुरत आणले. खानदेशात पाऊस दडी मारतो आणि सुरतेत साडीला मागणी असते. दोघांचा रुपया एकच. तरी चालतं. कारण नंदुरबारहून रेल्वे सुटते आणि उधन्याला माणसं उतरतात. शेवटच्या वाक्यापर्यंत येता येता सरांचे डोळे पाणावले होते.

"ऐक," म्हणून त्यांनी ते रंजनाबाईंना वाचून दाखवलं.

"चांगलं शे," त्या म्हणाल्या. "अक्षर मात्र मन्हा चौथीना पोरेसपेक्षा खराब."

परीक्षेच्या दिवशी सर गावाकडे एका लग्नाला गेले होते. परत आल्यावर ऑफिसात चक्कर मारली, ललितशी क्रिकेटच्या गप्पा मारता मारता गठ्ठ्याची दोरी सैल केली आणि उत्तरपत्रिका तळाशी सरकवली. ललितनं पाहिलं की नाही कोण जाणे. तो अशा गोष्टी पाहत नसे.

चार-सहा दिवसांनी स्टाफरूममध्ये सर चहात खारी बुडवत होते. समोर शीतल लाल पेन घेऊन बसलेली. बाजूला संस्कृतचे आणि मानसशास्त्राचे प्राध्यापक.

"सर," शीतल म्हणाली, "तुमच्या वर्गातला एकसष्ट नंबर कोण हो?"

खारी चहात पडली.

"एकसष्ट? असेल कुणीतरी. नवीन ॲडमिशन असेल. का?"

"एकच प्रश्न लिहिलाय. एकाच चलनाचा. पाच गुण दिलेत मी."

"पाच?" सर उभेच राहिले. "चौदापैकी पाच?"

"अर्धा कमी करायचा होता. अक्षरासाठी. पण म्हटलं, बिचाऱ्याला काही शारीरिक अडचण असेल."

सर खाली बसले. त्यांनी चमच्यानं खारी शोधायचा प्रयत्न केला. मग शक्य तितक्या परक्या आवाजात म्हणाले, "म्हणजे मी काही त्याची बाजू घेत नाही. पण बघू तरी. कधी कधी मुलांचा मुद्दा परीक्षकाच्या लक्षात येत नाही."

शीतलनं उत्तरपत्रिका पुढे केली. खर्चाच्या परिच्छेदाशेजारी 'छान' लिहिलं होतं. फायद्यांच्या परिच्छेदाशेजारी लाल रेघ, आणि तिच्या कडेला: 'हे फायदे नाहीत.' खानदेशाच्या पानावर, जिथं सरांचे डोळे पाणावले होते तिथं, लिहिलं होतं: 'विषयांतर? माणसं चुकीच्या स्टेशनवर उतरवली आहेत.'

"हे... हे जरा कठोर नाही का?" सर म्हणाले. "मुलगा हुशार वाटतो."

"हुशार आहेच. पण पुस्तक न उघडता लिहिणारा हुशार. अशांना वेळीच सांगावं लागतं. सर, तुम्ही त्याला उद्या पाठवा ना माझ्याकडे. मला बोलायचंय त्याच्याशी."

"उद्या? तो गावाला गेला असेल."

"कोण ते माहीत नाही म्हणालात ना आत्ता?"

संस्कृतचे प्राध्यापक वर्तमानपत्रामागून बघायला लागले. सर म्हणाले, "चौकशी करतो."

"आणि सर," शीतल अगदी शांतपणे म्हणाली, "पालकांनाही घेऊन यायला सांगा."

घरी येताना सरांच्या डोक्यात एकच विचार होता, मुलगा आणायचा कुठून. शेजारच्या कुंदनला उभा करावा, तर तो एलआयसीचा एजंट, वय पंचेचाळीस. भाच्याला सांगावं, तर त्याला डॉलर आणि दिनार यातला फरक सांगता सांगता पहाट होईल. आणि खोलवर एक वेगळीच ठसठस होती. पाच गुण. 'हे फायदे नाहीत.' हेच फायदे त्यांनी कितीतरी वर्षं मुलांना उतरवून दिले होते.

रंजनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. आधी त्यांच्या हातातलं लाटणं थांबलं, मग खांदे हलायला लागले, मग त्या जमिनीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. सर तोंड पाडून उभे.

"हसू नको. इज्जतीचा प्रश्न शे."

"पोरगा कोठून आणशात? तुम्हीच जा. पोरगा तुम्ही, आणि पालक मी. मी येस ना उद्या. शाळाले सुट्टी टाकस."

"तू?"

"मग! इतला वरीस मी दुसरासना पालकेसले बोलावस. एकदा आपण जाई तं पाहू."

दुसऱ्या दिवशी दुपारी, वर्ग सुटल्यावर, रंजनाबाई ठेवणीतली जांभळी साडी नेसून विभागात आल्या. मागून सर. शीतल खिडकीशी बसली होती. तिनं दोघांना बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर नवल म्हणून दिसलं नाही.

"या काकू. बसा. एकसष्ट नंबरच्या पालक का तुम्ही?"

"हो मॅडम," रंजनाबाई गंभीरपणे म्हणाल्या. "घरी अजिबात लक्ष नाही हो याचं. नुसतं क्रिकेट. तुम्ही मारलंत तरी चालेल."

मग मात्र दोघींनाही आवरेना. सर दारात उभे होते. हसावं की निघून जावं हे त्यांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी पंख्याचा वेग कमीजास्त केला.

"तुला कळलं कसं?" शेवटी त्यांनी विचारलं. "अक्षर तर डाव्या हाताचं."

शीतलनं टेबलावरची छापील प्रश्नपत्रिका उचलून त्यांच्या हातात दिली. "तिसरा प्रश्न वाचा."

सरांनी वाचला. पुन्हा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. छापलं होतं: भिन्न आयात सोसणाऱ्या देशांनी एकच चलन वापरण्याचे खर्च आणि फायदे यांची चर्चा करा.

"आयात?"

"आघातच्या जागी. गुजरातीत घ आणि य तसे भाऊभाऊच. ललितभाईंना विचारलं, तर म्हणाले, 'एक अक्षरमां शुं फरक पडे?' परीक्षेत एका मुलीनं शंका काढली होती. त्या दिवशी सुपरव्हिजनला संस्कृतचे सर होते. ते म्हणाले, छापलंय तसं लिहा."

"आणि मी..."

"साठ जणांनी उत्तराच्या वर प्रश्न उतरवला तो आयात असा. एकसष्ट नंबरनं उतरवला आघात असा. म्हणजे त्यानं छापील प्रश्नपत्रिका बघितलीच नव्हती. ज्यानं प्रश्न हातानं लिहिला त्यालाच हे जमणार. आणि सर, खरं सांगू? वर्गात आम्हाला तुमचा एकसष्ट नंबर माहीत होता. फक्त जानीसाहेब सोडून सगळ्यांना माहीत होता."

सर खुर्चीत बसले. ही बातमी त्यांना पाच गुणांपेक्षा जास्त लागली.

"बरं, ते राहू दे," ते म्हणाले. "पाच का? आता विद्यार्थी म्हणून विचारतो."

"मग विद्यार्थ्यासारखं उत्तर द्या." शीतल सावरून बसली. "दोन देश. एक पर्यटकांवर जगतो, दुसरा यंत्रं विकून. चलन एक. काही कारणानं पर्यटक येईनासे झाले, आणि त्याच वेळी यंत्रांना मागणी वाढली. काय होईल?"

"पहिल्यात बेकारी, दुसऱ्यात महागाई."

"मध्यवर्ती बँक व्याजदर कुणाचं बघून ठरवेल?"

"सगळ्यांचं मिळून. सरासरी. म्हणजे पहिल्याला तो दर जड आणि दुसऱ्याला हलका." सरांचा आवाज हळूहळू वर्गातला झाला. "स्वतःचं चलन असतं तर पहिल्याच्या चलनाचा भाव उतरला असता, हॉटेलं परदेशी माणसाला स्वस्त वाटली असती. आता तो रस्ता बंद. म्हणजे मजुरी आणि किमती देशातल्या देशात खाली याव्या लागतात. आणि मजुरी कुणी सुखासुखी खाली येऊ देत नाही. ती येईपर्यंत लोक घरी बसतात. हाच तो खर्च."

"सुंदर. मग हा खर्च हलका कशानं होतो?"

"माणसं दुसऱ्या देशात कामाला गेली तर. किंवा सगळ्यांची मिळून एक तिजोरी असेल आणि तिच्यातून पहिल्याला पैसा गेला तर."

"म्हणजे हे काय झालं, एकाच चलनाचे फायदे?"

रंजनाबाईंनी पर्समधून पाण्याची बाटली काढून सरांपुढे ठेवली.

"हे..." सर हळू म्हणाले, "हे खर्च कमी करणारे उपाय झाले. अटी झाल्या. या असतील तर एक चलन परवडतं."

"आणि तुम्ही कुठं लिहिलेत?"

"फायद्यांत."

"खरे फायदे मग राहूनच गेले. दलाली वाचते, हा एक लिहिलात. भाव बदलण्याची धास्ती जाते, म्हणून व्यापारी लांबचे करार करतात, तो? दोन देशांतल्या किमती शेजारी ठेवून बघता येतात, तो? ज्या देशाची बँक नोटा छापून महागाई वाढवते त्याला जरा शिस्तीची बँक मिळते, तो? आणि चलनाचा भाव काही नेहमी शहाण्यासारखा हलत नाही. सट्टेबाज घाबरले की तोच एक आघात होतो. एक चलन असेल तर निदान त्या देशांच्या आपसात तो आघात येत नाही. हे सगळं सोडून तुम्ही उधना स्टेशनवर जाऊन बसलात."

"पण शीतल," सर चवताळून म्हणाले, "माझा बाप त्या गाडीनं आला. रुपया एक होता म्हणून आला. हा फायदा नाही?"

"रुपया एक होता म्हणून ते आले, की त्यांना येता येत होतं म्हणून एक रुपया दोघांना परवडला?"

सर बाटलीतलं पाणी प्यायले.

"थोडं दोन्ही," सर म्हणाले.

"चालेल. मग तसं लिहायचं. येणं सोपं झालं हा थोडा फायदा, आणि येणं शक्य होतं ही मोठी अट. तुम्ही अट खाल्लीत."

रंजनाबाईंनी मध्येच तोंड घातलं. "पण सगळे कुठं येतात? माझा भाऊ नाही आला. आई अंथरुणावर, पोरांच्या शाळा. त्याच्या गावातून निम्मे आले, निम्मे राहिले. आणि इथं भाषा तरी जरा ओळखीची होती. तुमच्या त्या दुसऱ्या देशात तर तीही वेगळी."

"काकू, युरोपचं हेच दुखणं," शीतल म्हणाली. "कायद्यानं जाता येतं, पण आपल्याकडे जातात तितकी माणसं जात नाहीत. आणि सगळ्यांची मिळून जी तिजोरी आहे ती फार लहान."

"मग एकसष्ट नंबरला वाढवून किती?" सरांनी विचारलं. आशा सुटत नव्हती.

"सहा. तोंडी परीक्षेचा एक."

"पालकांचा अर्धा धरा," रंजनाबाई म्हणाल्या.

आता खऱ्या साठ जणांचं काय करायचं, हा प्रश्न होता. शीतलनं त्यांचे दोन ढीग केले होते. मोठ्या ढिगातल्यांनी वर आयात असं उतरवलं होतं आणि खाली सरांच्या नोट्स ओतल्या होत्या, आघातासकट, सरांच्या चुकीसकट, काहींनी तर सर वर्गात जिथं खोकले त्या जागीही स्वल्पविराम टाकला होता. लहान ढिगातल्यांनी छापलेला प्रश्न खरा मानून आयातीवर काहीबाही लिहिलं होतं. एकानं सगळ्या देशांनी आयात बंद करावी असं सुचवलं होतं.

"प्रश्न रद्द करू," सर म्हणाले. "सगळ्यांना सरसकट सात देऊ. चूक आपली आहे."

"त्याआधी हे वाचा."

तिनं लहान ढिगातला वरचा पेपर दिला. योगिता महाजन. सरांना ती आठवली. मागच्या बाकावर बसायची, हजेरीला हात वर करायची आणि त्यापलीकडे तिचा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. परीक्षेत शंका काढणारी तीच होती.

योगितानं लिहिलं होतं की प्रश्नात आयात वेगवेगळी असं म्हटलं आहे, म्हणून दोन देश घेऊ. एक सगळं तेल बाहेरून आणतो, दुसरा तेल विकतो. तेल महाग झालं. जगाच्या दृष्टीनं घटना एकच, पण पहिला देश खड्ड्यात जातो आणि दुसऱ्याची चैन होते. म्हणजे ज्यांची आयात वेगळी त्यांना एकच धक्का उलटसुलट बसतो, आणि दोघांसाठी एकच व्याजदर चुकीचा ठरतो. हा एकाच चलनाचा खर्च. पण दुसरी बाजूही आहे. जो लहान देश रोजचं बहुतेक सगळं बाहेरून आणतो, त्यानं चलनाचा भाव उतरवला तर घरातल्या सगळ्याच वस्तू महाग होतात, मग कामगार मजुरी वाढवून मागतात, आणि उतरवल्याचा लाभ लवकरच पुसला जातो. अशा देशाचं स्वतःचं चलन गेलं तरी तसं फारसं काही जात नाही. आणि ज्यांच्याकडून तो माल आणतो त्यांचंच चलन घेतलं, तर दलाली आणि धास्ती मात्र बरीच वाचते.

सरांनी पान उलटलं. मागे काही नव्हतं. त्यांनी पुन्हा पुढचं पान वाचलं.

"हे नोट्समध्ये नाही," ते म्हणाले.

"नाही."

"हे मी शिकवलं नाही."

"आयातीचा धडा तुम्ही शिकवलात. चलनाचा शिकवलात. दोन्ही एकत्र तिनं केले. ललितभाईंच्या कृपेनं."

"किती दिलेस?"

"बारा. तेरा द्यायचे होते, पण माणसांनी कामाला जाण्याची अट तिनं घेतली नाही."

सरांच्या चेहऱ्यावर कौतुक आणि मत्सर यांची झटापट रंजनाबाईंना स्पष्ट दिसली. कौतुक जिंकलं, पण दमछाक होऊन.

"रद्द करायचं नाही," सर म्हणाले. "दोन्ही अर्थ ग्राह्य धरू. ज्यानं जे लिहिलं त्याप्रमाणे गुण. आणि ज्यांनी माझ्या नोट्स लिहिल्या..." ते थांबले. "त्यांना माझ्यामुळे कापायचं नाही. ते माझ्या खात्यावर."

दुसऱ्या दिवशीच्या तासाला सर वर्गात गेले. बाहेर कुठल्याशा कारखान्यातले लूम खडखडत होते, म्हणून खिडक्या लावून घेतल्या. सरांनी फळ्यावर तीन रकाने आखले: फायदे, खर्च आणि मध्ये, खर्च हलका करणाऱ्या गोष्टी.

"मी तुम्हाला आजवर दोनच रकाने दिले," ते म्हणाले. "तिसऱ्यातला माल पहिल्यात भरला होता. ते चुकीचं होतं. तुमच्या वह्यांत खोडा."

वर्गात कुजबुज सुरू झाली. शिक्षक चुकतो हे मुलांना नवीन नव्हतं, तो ते उघड सांगतो हे नवीन होतं.

"सर," एक मुलगा म्हणाला, "पण गाइडमध्ये तर फायद्यांतच दिलंय."

"गाइडवाल्यानं कुठून उचललं असेल?"

"पहिल्या पानावर तुमचे आभार मानलेत सर."

वर्ग फुटला. सरही हसले, पण कान लाल झाले होते. त्यांनी गाइड मागवून घेतलं, ते पान उघडलं आणि खरंच, त्यांचंच वाक्य होतं, नंदुरबारच्या गाडीसकट. गाइडवाल्यानं, सर वर्गात हमखास म्हणत ते 'अश्रू अनावर होतात' तेवढं गाळलं होतं.

"युनिव्हर्सिटीच्या परीक्षेत मग काय लिहायचं?" मघाचाच मुलगा.

"तिसरा रकाना. तपासणाऱ्यानं गाइड वाचलेलं असलं तरी तो तुम्हाला शून्य देऊ शकणार नाही. आणि योगिता महाजन कोण? पुढं ये. तेलाचं फळ्यावर मांड."

योगिता मागच्या बाकावरून उठली. एवढ्या नजरा एकदम आपल्याकडे वळलेल्या तिला आवडलं नाही, हे तिच्या चालण्यावरून दिसत होतं. फळ्याशी आल्यावर मात्र तिनं खडू घेतला आणि पहिलंच वाक्य सरांना उद्देशून बोलली.

"सर, त्या मधल्या रकान्यात एक कमी आहे."

"काय?"

"माणसं कामासाठी जातात तेव्हा खर्च हलका होतो म्हणता. कुणाचा हलका? ज्या देशातून गेली त्याची बेकारी कमी दिसते. पण जो गेला त्याचं भाडं, त्याची मोडलेली शेती, इथं पहिल्या वर्षी आलेलं आजारपण, तो खर्च कुठल्या रकान्यात?"

"माझे काका तर परत गेले," दुसऱ्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. "त्यांना कुठं टाकायचं?"

"परत गेले ते तिथं काम मिळालं म्हणून, की इथलं सुटलं म्हणून?" तिसरीनं विचारलं.

"आणि मग एवढं सगळं असताना नवे देश अजून युरो का घेतात?" मागून प्रश्न आला. "क्रोएशियानं घेतला. आता बल्गेरियानं."

"ते युरोवाल्यांकडूनच माल आणतात म्हणून," योगिता वळून म्हणाली. "मी लिहिलंय ते."

मग एकाच वेळी सात-आठ जण बोलायला लागले, अर्धे गुजरातीत, दोन-तीन हिंदीत, आणि एका कोपऱ्यात चक्क अहिराणीत. सरांनी हात वर केला, कुणी बघितलं नाही. ते टेबलाच्या कडेवर बसले. तास संपल्याची घंटा झाली, पुढच्या तासाची शीतल दारात येऊन उभी राहिली. सरांनी तिला हातानं थांब अशी खूण केली आणि योगिताला विचारलं, "चौथा रकाना आखू का?"

"जागा कुठंय सर?" ती म्हणाली, आणि डस्टर घेऊन त्यांचा मधला रकाना अर्धा पुसायला लागली.